'आमच्याबद्दल' पानावर फक्त मालकच मालक! अशा पानाचं ऑडिट कसं करावं?

शाईचा_डाग

मंडळी, एका छोट्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेच्या संकेतस्थळाचा मजकूर माझ्याकडे तपासायला आलाय. कारखान्यांमधली मोजमापाची उपकरणं, म्हणजे व्हर्निअर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज, टॉर्क रेंच वगैरे, त्यांच्याकडे येतात आणि तपासून, प्रमाणपत्रासह परत जातात. सेवांची पानं ठीकठाक आहेत. घोडं अडलंय ते 'आमच्याबद्दल' या पानावर. ते पान म्हणजे मालकांचा गौरव विशेषांक आहे.

नावगाव काढून थोडा मासला देते:

> "लहानपणापासूनच सरांना यंत्रांची विलक्षण ओढ होती. घरातलं घड्याळ उघडून पुन्हा जोडण्यात त्यांचे तासन्‌तास जात. तीन दशकांच्या प्रदीर्घ अनुभवानंतर त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारण्याचं धाडसी स्वप्न पाहिलं. गुणवत्ता, सचोटी आणि सातत्य ही त्यांची त्रिसूत्री. या वाटचालीत कुटुंबाने दिलेली खंबीर साथ ते कधीच विसरत नाहीत…"

अशी एकूण ३१ वाक्यं, आणि खाली पुरस्कार स्वीकारतानाचा फोटो. ज्याला गेज तपासून हवंय त्याच्या उपयोगाचं यात काय आहे ते मला दिसत नाही. पण 'मला असं वाटतं' एवढ्यावर मालक पान बदलणार नाहीत. माणूस सज्जन आहे, पान त्यांनी स्वतः लिहिलंय. तर असं पान पद्धतशीर कसं तपासायचं, म्हणजे त्यांच्यासमोर काहीतरी ठोस ठेवता येईल?

टोपणनाव_नको

शीर्षकात 'ऑडिट' वाचून मी ताळेबंद घेऊन आलो होतो. जातो परत.

अर्धविराम

सोपं आहे. पानावर 'आम्ही', 'आमचे', 'सर' किती वेळा येतं ते मोजा, 'तुम्ही', 'तुमचे' किती वेळा येतं ते मोजा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा व्हायला हवा. आमच्या कंपनीत हाच नियम आहे. शोध-खिडकीत शब्द टाकला की दोन मिनिटांत निकाल.

खडूस_वाचक

इतका खटाटोप कशाला? 'आमच्याबद्दल' कोणी वाचतच नाही. मालकांना हवं ते लिहू द्या, तुम्ही सेवांच्या पानांवर लक्ष द्या. सगळे सुखी.

निरांजनी

खडूसराव, कोणी वाचतं की नाही हे बघता येतं, त्यावर नंतर येते. आधी अर्धविराम यांच्या मोजणीबद्दल.

मोजणीची कल्पना वाईट नाही, पण मराठी मजकुरावर ती फसते. आपल्याकडे कर्ता क्रियापदातच लपतो. 'उत्तम सेवा देतो, वेळ पाळतो, शब्द राखतो' यात 'आम्ही' एकदाही नाही आणि तिन्ही वाक्यं स्वतःबद्दल आहेत. उलट 'आम्ही तुम्हाला तुमच्या विश्वासास पात्र अशी सेवा देतो' यात 'तुम्ही' दोनदा आलंय, तरी ग्राहकाच्या अडचणीबद्दल अक्षर नाही. शब्द बदलून गुण मिळवता येतात म्हणजे परीक्षाच चुकीची आहे.

मी काय करते ते सांगते. पान कागदावर छापून घ्यायचं, समास मोठा ठेवून. प्रत्येक वाक्यासमोर एकच गोष्ट लिहायची: वाचणाऱ्याच्या मनातल्या कोणत्या प्रश्नाला हे वाक्य उत्तर देतं? प्रश्न सुचला नाही तर जागा कोरी सोडायची. ओढूनताणून प्रश्न तयार करायचा नाही. 'सर लहानपणी काय करायचे?' हा प्रश्न कोणत्याही ग्राहकाने विचारलेला नाही.

इथेच खरी मेख आहे. प्रश्न आपण बसल्या जागी कल्पनेने लिहिले तर ते आपल्या सोयीचे निघतात. त्यामुळे समासात लिहायला बसण्याआधी खरे प्रश्न गोळा करायचे. चौकशीच्या ईमेल, फोन घेणाऱ्या माणसाची वही, तक्रारी, आणि ज्यांनी विचारणा करून काम दिलं नाही त्यांचा पत्रव्यवहार. शेवटचा गठ्ठा सगळ्यात मोलाचा, आणि तो कोणी ठेवत नाही. प्रश्न ग्राहकाच्या शब्दांत जसाच्या तसा उतरवा, शुद्ध करू नका. तीस-चाळीस ईमेल वाचल्या की तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. तिथे थांबायचं.

मग दोन कागद शेजारी ठेवा. एकावर त्यांचे प्रश्न, दुसऱ्यावर पानाची वाक्यं. कोणत्या प्रश्नाला पानावर उत्तर नाही आणि कोणत्या वाक्याला प्रश्न नाही, हे मालकांनाही दिसेल. तुम्हाला मत द्यावंच लागणार नाही.

मधली_सुट्टी

निरांजनीताई, माझी जरा वेगळीच पंचाईत आहे. मी एकटी काम करते, प्रबंध आणि पुस्तकांचं संपादन. माझ्या 'आमच्याबद्दल' पानावर मी नाही तर कोण असणार? मला स्वतःलाच हाकलून द्यावं लागेल का? (तिथेही 'आम्ही' लिहिलंय. एकटी आहे हे कळू नये म्हणून.)

खडूस_वाचक

"एकटी आहे हे कळू नये म्हणून" आवडलं. आमच्या ओळखीतल्या एका 'टीम'मध्ये एक माणूस आणि चार ईमेल पत्ते आहेत.

निरांजनी

मधली_सुट्टी, तुमच्या धंद्यात लोक माणूसच विकत घेतात, तेव्हा तुम्ही पानावर असायलाच हव्यात. फरक एवढाच की तुमच्याबद्दलचं प्रत्येक वाक्य त्यांच्या कामाशी जोडलेलं हवं. 'मला भाषेची आवड आहे' याला समासात प्रश्न नाही. 'संदर्भसूची विद्यापीठाच्या नमुन्यात बसवून देते, मार्गदर्शकांच्या शेऱ्यांनंतरची एक फेरी त्यातच धरलेली असते' याला आहे. दोन्हींचा कर्ता तुम्हीच. आणि 'मी' लिहा हो, एकटं असणं हा दोष नाही. फोन कोण उचलणार हे तरी कळतं.

गेजमास्तर

उशिरा आलो. मी हयातभर गुणवत्ता विभागात होतो आणि बाहेरच्या प्रयोगशाळा निवडायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. म्हणजे या पानाचा ग्राहक मीच.

शाईचा_डाग, मी असं पान उघडायचो तेव्हा माझ्या डोक्यात काय असायचं ते सांगतो. तपासणी तोंडावर आलेली, काही गेजची मुदत संपत आलेली, आणि गेज पाठवलं की तेवढे दिवस लाईनवर दुसरं नाही. पहिली भीती: किती दिवस जाईल? दुसरी: यांची मान्यता माझ्या उपकरणाला आणि माझ्या रेंजला लागू आहे का? बाहेरच्यांना वाटतं, प्रयोगशाळेला आयएसओ/आयईसी १७०२५ ची मान्यता आहे म्हणजे सगळं आलं. तसं नसतं. मान्यता कोणत्या राशीला, कोणत्या रेंजला, किती अनिश्चिततेपर्यंत, अशी नेमून दिलेली असते. तिला स्कोप म्हणतात. दाब एका मर्यादेपर्यंत स्कोपमध्ये आणि त्यावरचा बाहेर, असं सर्रास असतं. स्कोपबाहेरच्या कामाच्या प्रमाणपत्रावर मान्यतेचं चिन्ह येत नाही, आणि ते नसलं की आमचा ऑडिटर भुवया उंचावतो.

तिसरी भीती कागदाची. प्रमाणपत्रावर अनुक्रमांक चुकीचा पडला, ३ चा ८ झाला, की माझ्या लेखी ते प्रमाणपत्र त्या गेजचं नाहीच. मग दुरुस्तीसाठी फोनाफोनी. आणि चौथी, जी कोणी बोलून दाखवत नाही: गेज मर्यादेबाहेर निघालं तर मला कधी कळवणार? कारण तसं निघालं तर आयएसओ ९००१ च्या कलम ७.१.५.२ प्रमाणे आधीची मोजमापं ग्राह्य धरायची की नाही हे मला ठरवावं लागतं. त्या गेजवर पास केलेला माल बाहेर गेलेला असतो. ही बातमी मला प्रमाणपत्राबरोबर आठवड्याने नको, त्याच दिवशी फोनवर हवी.

घड्याळ उघडून जोडल्याची गोष्ट वाचायला माझ्याकडे वेळ नसायचा. पण एक सांगतो, मालक कोण, किती वर्षं या कामात, प्रमाणपत्रावर सही कोणाची, हे मी नक्की बघायचो. ते काढून टाकू नका. 'तुमची अडचण आम्ही जाणतो' छापाच्या गोडगोड मजकुराने तर मी आणखी सावध व्हायचो.

शाईचा_डाग

गेजमास्तर, साष्टांग. तुमचा प्रतिसाद छापून घेतलाय.

अर्धविराम

गेजमास्तरांचं पटलं, पण मग हे सगळं 'आमच्याबद्दल' मध्ये कशाला? दिवस आणि स्कोप सेवांच्या पानावर हवेत. नाहीतर प्रत्येक पान मुख्यपानच होऊन बसेल.

निरांजनी

चांगली शंका. स्कोपचा तक्ता तिथे टाकायचाच नाही, एका वाक्यात सांगून दुवा द्यायचा. 'आमच्याबद्दल' वर येणारा माणूस बहुधा आधी काहीतरी बघून आलेला असतो. सेवा काय आहे हे त्याला कळलंय. तो आता चाचपतोय की हे काम या लोकांवर टाकावं का. म्हणून या पानाचा प्रश्न 'तुम्ही काय करता' असा नसतो, 'माझी ही अडचण तुमच्या हातात सुरक्षित आहे हे मी कशावरून मानू' असा असतो. या प्रश्नाच्या उत्तरात मालकांचा अनुभव साक्षीपुरावा म्हणून येतो. अडचण आधी, साक्षीदार नंतर. सध्याच्या पानावर साक्षीदारच बोलतोय आणि खटला काय आहे तेच ठाऊक नाही.

आणि खडूसरावांसाठी: गुगल ॲनालिटिक्समध्ये 'पाथ एक्सप्लोरेशन' उघडा, शेवटचा टप्पा म्हणून चौकशी फॉर्म पाठवल्यानंतरचं आभाराचं पान ठेवा आणि उलटं मागे जा. लोक कुठून आले ते दिसतं. एक इशारा: तिथला आपोआप येणारा `scroll` हा इव्हेंट पानाच्या ९० टक्के खोलीला पोचल्यावरच नोंदला जातो. तो कमी दिसला म्हणून 'लोक पहिल्या परिच्छेदातच पळतात' असा निष्कर्ष काढू नका. मधले टप्पे हवे असतील तर टॅग मॅनेजरमध्ये २५, ५०, ७५ असे वेगळे लावावे लागतात.

खडूस_वाचक

आणि समजा निघालं की फॉर्म भरणाऱ्यांनी हे पान पाहिलं होतं. त्यावरून काय सिद्ध होतं? ज्याला काम द्यायचंच आहे तो सगळीच पानं चाळतो. पान बघून काम दिलं, की काम देणारच होता म्हणून पान बघितलं?

निरांजनी

काहीच सिद्ध होत नाही, तुमचं बरोबर आहे. एवढंच कळतं की पान कोणी बघत नाही हे म्हणणं खोटं आहे.

शाईचा_डाग

अहवाल देते.

ईमेलचा गठ्ठा मिळाला. फोन घेणाऱ्या ताईंची वही म्हणजे खजिना निघाला. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न गेजमास्तरांनी सांगितलेलाच: "किती दिवसात परत मिळेल?" त्यानंतर "आमचा गेज तुमच्या स्कोपमध्ये बसतो का", मग प्रमाणपत्रातल्या दुरुस्त्या. एक अनपेक्षित प्रश्नही पुन्हा पुन्हा दिसला. बऱ्याच जणांना वाटतं की कॅलिब्रेशनला पाठवलं म्हणजे गेज दुरुस्त होऊन, बरोबर लावून परत येतं. तसं न आल्यामुळे दोन-तीन जण चांगलेच वैतागलेले आहेत. मर्यादेबाहेर निघालं तर काय, हे विचारणारे थोडे, पण जे आहेत त्यांचा स्वर घाबरलेला.

मग पान छापून समास भरला. ३१ पैकी २४ वाक्यांचा कर्ता सर. ५ प्रयोगशाळेबद्दल ('अत्याधुनिक उपकरणांनी सुसज्ज' वगैरे). १ 'ग्राहकांचं समाधान हेच ध्येय', ज्यापुढे मला प्रश्न लिहिता आला नाही. कोऱ्या समासांची रांगच लागली. मग एकविसाव्या वाक्यापाशी हे सापडलं, पानाच्या खालच्या भागात, कुटुंबाच्या साथीच्या जरा आधी:

> "नोकरीत असताना एका तपासणीच्या वेळी प्रमाणपत्रावरील व गेजवरील अनुक्रमांक जुळत नसल्याचे आढळले आणि सरांच्या विभागाला मोठी नामुष्की पत्करावी लागली. तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवले की कागदातील चूक ही मोजमापातील चुकीइतकीच गंभीर मानायची."

म्हणजे सर स्वतः एकेकाळी ग्राहकाच्या खुर्चीत होते, आणि हे वाक्य पानाच्या दोन तृतीयांश खाली पुरलेलं!

मधली_सुट्टी

अगं, हेच पहिलं वाक्य!

गेजमास्तर

हे वाचून मी फोन लावला असता. मात्र नुसत्या ठरवण्याला अर्थ नाही. ठरवल्यावर केलं काय? आज अनुक्रमांक कोण तपासतो, कधी तपासतो? ते विचारा.

शाईचा_डाग

विचारलं. उपकरण आत येताना एक माणूस अनुक्रमांकाचा फोटो काढतो. प्रमाणपत्र सहीला जाण्यापूर्वी दुसरा माणूस तो फोटो आणि प्रमाणपत्र शेजारी ठेवून बघतो. सर म्हणाले, "यात लिहिण्यासारखं काय आहे, आम्ही रोजच करतो."

निरांजनी

"आम्ही रोजच करतो" हे ऐकलं की वही उघडायची. मालकाला जे लिहिण्यासारखं वाटत नाही ते बहुतेक वेळा ग्राहकाला हवं असतं, कारण मालकाला त्याची सवय झालेली असते. पुरस्काराची सवय होत नाही म्हणून तो फोटोसकट येतो.

आता समासात तिसरी खूण करा. ज्या वाक्यांना प्रश्न आहे पण पुरावा नाही ती वेगळी काढा. 'अत्याधुनिक उपकरणांनी सुसज्ज' याच्यामागचा खरा प्रश्न आहे, 'माझी रेंज जमेल का?' त्याचा पुरावा म्हणजे स्कोपचा दुवा. विशेषण काढलं आणि दुवा टाकला की त्या वाक्याचं काम होतं.

अर्धविराम

आणि पाच सेकंदांची चाचणी घ्या. अनोळखी चार जणांना पान पाच सेकंद दाखवायचं, मग बंद करून विचारायचं की हे लोक कोणासाठी काय करतात. आमच्याकडे ती अचूक चालते.

निरांजनी

घ्या, पण पानाच्या वरच्या भागापुरती, आणि मोबाईलवर. पाच सेकंदात बांधणी कळते, विश्वास बसला का ते नाही कळत. शिवाय माणसं शेजारपाजारची नकोत. ज्याने आयुष्यात गेज हातात धरलं नाही तो 'छान आहे' म्हणेल.

शाईचा_डाग

पहिला खर्डा. झोडपा.

> "तपासणीच्या दिवशी प्रमाणपत्रावरचा आणि गेजवरचा अनुक्रमांक जुळला नाही तर गेज कितीही बरोबर असून उपयोग होत नाही. आमच्या संस्थापकांनी हे गुणवत्ता विभागात नोकरीला असताना स्वतः भोगलं आहे. म्हणून इथे प्रत्येक उपकरणाच्या अनुक्रमांकाचा फोटो ते आत येतानाच काढला जातो आणि प्रमाणपत्रावर सही होण्याआधी दुसरी व्यक्ती तो ताडून बघते.
>
> आमची मान्यता कोणत्या उपकरणांना आणि कोणत्या रेंजला लागू आहे ते या तक्त्यात पाहा. तुमचं उपकरण त्यात बसत नसेल तर ते पाठवण्याआधीच सांगू. गेज मर्यादेबाहेर निघालं तर प्रमाणपत्राची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करतो. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. गेज लावून हवं असेल तर आधी कळवा, म्हणजे लावण्यापूर्वीची आणि नंतरची अशी दोन्ही मोजमापं प्रमाणपत्रावर देता येतील. पुढच्या कॅलिब्रेशनची तारीखही आम्हीच लेबलवर टाकून देतो, तुम्हाला लक्षात ठेवायला नको."

त्याखाली सरांबद्दल चार वाक्यं: कोणत्या प्रकारच्या कारखान्यात, कोणत्या विभागात, किती वर्षं, आणि प्रमाणपत्रांवर सही कोणाची असते.

गेजमास्तर

झकास. लावण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या मोजमापांचं वाक्य लिहिणाऱ्याला काम कळतं हे दिसतं. पण शेवटचं वाक्य आत्ताच काढा. पुढची तारीख प्रयोगशाळेने आपणहून टाकायची नसते. ग्राहकाशी तसं ठरलेलं असेल तरच प्रमाणपत्रावर किंवा लेबलवर ती यावी असं १७०२५ सांगतं, कारण गेज किती वापरलं जातं, कुठे वापरलं जातं हे प्रयोगशाळेला ठाऊक नसतं. मुदत ग्राहकाने ठरवायची. तुमच्या वाक्यात चांगुलपणा आहे, पण एखादा जाणकार ते वाचून म्हणेल, यांना स्वतःचंच प्रमाणमानक माहीत नाही.

'तुमच्याशी ठरल्यास' हे दोन शब्द घातले तर चालेल. आणि पान प्रसिद्ध करण्याआधी त्यांच्या तांत्रिक व्यवस्थापकाला दाखवा. मालकांना दाखवणं पुरेसं नाही.

शाईचा_डाग

बदललं. तांत्रिक व्यवस्थापकांनी आणखी एक शब्द उडवला, 'अचूकतेची हमी'. म्हणाले, आम्ही अनिश्चितता सांगतो, हमी देत नाही.

मधली_सुट्टी

पण सरांना सांगितलं कसं? मला तर मालकांपुढे समासाचा कोरा कागद ठेवायची हिंमत झाली नसती.

शाईचा_डाग

पानाचा विषयच काढला नाही. फोन घेणाऱ्या ताईंनी वहीतले प्रश्न वाचून दाखवले आणि सरांना म्हटलं, तुम्ही उत्तरं द्या, मी लिहून घेते. ते भराभर बोलत गेले. मग म्हटलं, ही उत्तरं आपल्या पानावर कुठे आहेत ते शोधू. त्यांनीच स्वतः चष्मा लावून शोधलं. एकविसावं वाक्य सापडल्यावर म्हणाले, "हे एवढं खाली कसं गेलं?"

घड्याळाची गोष्ट मात्र सोडवेना. ती आता 'संस्थापकांविषयी' या वेगळ्या पानावर गेली, कुटुंबासकट. पुरस्काराचा फोटो मूळ पानावरच राहिला, आकार लहान करून, तळाला.

खडूस_वाचक

म्हणजे तडजोड झाली. मला वाटलंच होतं.

गेजमास्तर

फोटो राहू द्या हो. त्याने कोणाचं काम अडत नाही. वरचा परिच्छेद महत्त्वाचा होता.

अर्धविराम

शब्दमोजणीचा माझा मुद्दा मी पूर्ण सोडलेला नाही बरं का. नवीन खर्ड्यात 'तुमचं', 'तुम्हाला' आपोआप आलंच की.

निरांजनी

आलं, पण ते परिणाम म्हणून आलं. मोजायला हरकत नाही, त्याला उद्दिष्ट करू नका.

शाईचा_डाग

एक गाठ अजून सुटलेली नाही. 'गेज मर्यादेबाहेर निघालं तर त्याच दिवशी फोन' हे वाक्य सरांना खटकतंय. ते म्हणतात की नवा ग्राहक घाबरेल, पहिल्याच भेटीत अभद्र का बोलायचं. शिवाय कामाच्या गर्दीत एखाद्या दिवशी फोन राहून गेला तर लेखी दिलेलं अंगाशी येईल. दुसऱ्या मुद्द्यात मला तथ्य वाटतं.

गेजमास्तर

पहिल्या मुद्द्यात नाही. माझ्यासारखा ग्राहक त्या वाक्यासाठीच थांबेल. ज्याला ते वाचून भीती वाटते त्याने अजून गेज मर्यादेबाहेर गेल्याचा अनुभव घेतलेला नाही.

खडूस_वाचक

मी सरांच्या बाजूने. जे दर वेळी पाळता येईल याची खात्री नाही ते लिहू नये. 'त्याच दिवशी' ऐवजी 'प्रमाणपत्राच्या आधी' लिहा.

अर्धविराम

दोन आवृत्त्या करा. अर्ध्या लोकांना वाक्यासह, अर्ध्यांना वाक्याविना. आकडेच सांगतील.

निरांजनी

छोट्या प्रयोगशाळेच्या पानावर तेवढी माणसं येत नाहीत, अर्धविराम. आलेला फरक योगायोगाचा की वाक्याचा हे वर्षभरात कळणार नाही. त्यापेक्षा चौकशी फॉर्ममध्ये एक मोकळी चौकट वाढवा: 'याआधीच्या प्रयोगशाळेत काय अडचण आली होती?' सक्तीची नको, आणि पर्यायांची यादीही नको, लोकांना स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. मर्यादेबाहेरच्या गेजबद्दल तिथे किती जण आपणहून लिहितात ते बघून सरांशी पुन्हा बोला. तोवर खडूसरावांचं 'प्रमाणपत्राच्या आधी' ठेवायला माझी हरकत नाही.

खडूस_वाचक

माझं म्हणणं या धाग्यावर मान्य झालं याची नोंद घ्यावी.

शाईचा_डाग

घेतली. चौकट उद्या टाकून घेते. फॉर्मवरच्या शब्दांवरून सरांशी अजून एक बैठक होणारच, त्यांना 'अडचण' ऐवजी 'सूचना' हवंय.